प्रेसमध्ये हात घालण्याआधी: एका पानाचं सुरक्षा परिपत्रक लिहितानाचा अनुभव

आमच्या प्रेस शॉपमध्ये १ जुलैपासून एक नवं सुरक्षा परिपत्रक लागू झालं. विषय एकच: हायड्रॉलिक प्रेसमध्ये अडकलेला पत्रा काढायला, डाय म्हणजे साचा साफ करायला किंवा दुरुस्तीला हात घालायच्या आधी प्रेस नक्की कशी बंद करायची. हे परिपत्रक लिहायचं काम माझ्याकडे आलं होतं. मार्चअखेर सुरुवात झाली आणि जूनच्या शेवटच्या आठवड्यात सह्या पूर्ण झाल्या. ज्यांच्या टेबलावर असं काम नव्याने येऊन पडलं आहे, त्यांना पुढे काय काय लागतं याचा अंदाज यावा म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे.

सुरुवात एका थोडक्यात टळलेल्या अपघातापासून झाली. दुसऱ्या पाळीत प्रेस नंबर ४ वर फिटर खालच्या डायमधली, तयार तुकडा बाहेर ढकलणाऱ्या इजेक्टरची पिन नीट करत होता. त्याने आत जाण्याआधी लाल इमर्जन्सी बटण दाबलं होतं. तेवढ्यात मधली सुट्टी संपवून ऑपरेटर परत आला. प्रेस बंद दिसली, बटण दाबलेलं दिसलं. कोणाचा तरी धक्का लागला असेल असं समजून त्याने ते फिरवून सोडलं आणि पंप सुरू केला. रॅम, म्हणजे वरची डाय घेऊन खाली दाबणारा भाग, खाली आला नाही, कारण त्याला दोन्ही हातांची बटणं एकदम दाबावी लागतात. पण हवेवर चालणारा इजेक्टर उसळला. फिटरची बोटं तेव्हा पिनवर नव्हती. पाना उडून बाहेर पडला. कोणाला लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी चौकशीची बैठक झाली आणि कामांच्या यादीत एक ओळ आली: ‘कामगारांसाठी सोप्या भाषेत परिपत्रक काढणे.’ मुदत दोन आठवडे. मुदत ठरवणाऱ्यांना वाटलं होतं की हे लिखाणाचं काम आहे. मलाही अनुभवी लोकांशी बोलायला सुरुवात करेपर्यंत नेमका आवाका कळला नव्हता, पण पहिल्याच बैठकीनंतर मी मुदतवाढ लेखी मागून घेतली. तुमच्यावर ही वेळ आली तर हे लवकर करा. घाईत निघालेला कागद फलकावर लागतो आणि तिथेच राहतो.

जुनं परिपत्रक फाइलमध्ये होतंच. त्यातलं मुख्य वाक्य असं: ‘यंत्राची देखभाल करण्यापूर्वी सर्व ऊर्जा स्रोत बंद करण्यात यावेत व योग्य ती दक्षता घेण्यात यावी.’ यात चूक काहीच नाही. पण कोणी बंद करायचे? कुठले स्रोत? बंद झाले हे ओळखायचं कसं? त्या फिटरला विचारलं असतं तर त्याने प्रामाणिकपणे सांगितलं असतं की मी बटण दाबून बंद केलंच होतं. त्याच्या समजुतीप्रमाणे त्याने परिपत्रक पाळलं होतं.

म्हणून लिहायला बसण्याआधी मी प्रेसजवळ उभी राहून काम बघायचं ठरवलं. एप्रिलचा पहिला पंधरवडा त्यात गेला. तिन्ही पाळ्यांमध्ये गेले. याचा आग्रह धरा, कारण दिवसा आणि रात्री काम करण्याची पद्धत वेगळी असते. रात्री इलेक्ट्रिशियन एकच असतो, सुपरवायझरकडे दोन विभाग असतात आणि अडकलेला पत्रा काढायला कोणाला बोलावण्यापेक्षा स्वतःच हात घालणं सोपं वाटतं. बघायला जाताना हातात चेकलिस्ट घेऊन उभं राहू नका. लोक मग पुस्तकात लिहिल्यासारखं काम करतात. मी पहिले काही दिवस फक्त डाय बदलताना मदतीला हात लावला आणि प्रश्न विचारत राहिले.

एक गोष्ट लगेच दिसली. शॉपमधला जवळजवळ प्रत्येक जण इमर्जन्सी बटण दाबणं म्हणजे मशीन बंद करणं असंच धरून चालत होता. हे बटण कंट्रोलचा मार्ग तोडतं. मोटर थांबते, हालचाल थांबते. पण पॅनेलमध्ये वीज आलेलीच असते, तेलात दाब असतो, पाइपात हवा असते. आणि ते बटण कोणीही फिरवून सोडू शकतो. धोका दिसला की मशीन पटकन थांबवायला ते आहे. त्याच्या भरवशावर आत हात घालायचा नाही. परिपत्रकात हे चौकटीत, सगळ्यात वर टाकायचं हे तेव्हाच नक्की झालं.

मग आम्ही चौघं, म्हणजे आमचे सगळ्यात जुने फिटर, एक इलेक्ट्रिशियन, प्रेस नंबर ४ चा ऑपरेटर आणि मी, प्रेसभोवती फिरलो आणि तिला हलवू शकेल अशी प्रत्येक गोष्ट कागदावर उतरवली. वीज सगळ्यांनीच सांगितली. हवा ऑपरेटरने सांगितली, कारण इजेक्टर त्याने उसळताना पाहिला होता. तेलाचा दाब फिटरनी सांगितला. त्यात अक्युम्युलेटर पण आला. ती नायट्रोजन भरलेली बाटली पंप बंद झाल्यावरही तेलाला दाबून धरते. आणि शेवटची गोष्ट यादीत यायला बराच वेळ लागला: रॅमचं स्वतःचं वजन. रॅम आणि वरची डाय मिळून एवढं लोखंड फक्त तेलाच्या आणि एका व्हॉल्व्हच्या आधारावर वर उभं असतं. व्हॉल्व्हचं सील झिजलं की वीज बंद असतानाही रॅम हळूहळू खाली उतरतो. आमच्या एका प्रेसमध्ये तो रात्रभरात उतरलेला दिसायचा. सगळ्यांना माहीत होतं, पण धोका म्हणून कोणी त्याची नोंद केली नव्हती.

ही यादी प्रत्येक मशीनची वेगळी असते. फ्लायव्हील असलेल्या मेकॅनिकल प्रेसमध्ये मोटर बंद केल्यावरही चाक बराच वेळ फिरत राहतं, आणि ते पूर्ण थांबेपर्यंत क्लच लागला तर स्ट्रोक बसू शकतो, म्हणजे रॅम एकदा खाली येऊ शकतो. ज्या पॅनेलमध्ये मोटरचा वेग सांभाळणारे ड्राइव्ह असतात तिथे कपॅसिटरमध्ये काही मिनिटं वीज शिल्लक असते, किती मिनिटं थांबायचं ते ड्राइव्हवर लिहिलेलं असतं. म्हणून सगळ्या कारखान्याला एकच परिपत्रक हा आग्रह मी सोडून द्यायला लावला. एक मशीन, एक पान, आणि सुरुवात प्रेस नंबर ४ पासून, असं मान्य करून घेतलं.

पहिला मसुदा एप्रिलच्या शेवटी तयार झाला. वाक्य लिहिण्याचा एकच नियम ठेवला होता: प्रत्येक ओळीत एकच कृती, आणि ती झाली हे कशावरून समजायचं तेही तिथेच. ‘हवेचा पुरवठा बंद करा’ एवढ्यावर थांबायचं नाही. ‘पिवळा व्हॉल्व्ह बंद करा, गेजचा काटा शून्यावर आला का ते पाहा.’

मसुदा लोकांना दाखवताना ‘समजलं का?’ असं विचारू नये. सगळे हो म्हणतात. सुपरवायझर शेजारी असेल तर नक्कीच म्हणतात. मी तिसऱ्या पाळीतल्या एका नव्या हेल्परच्या हातात कागद दिला आणि म्हटलं, “हे वाच आणि वाचशील तसं करून दाखव. अडलास तर तो दोष कागदाचा.” फिटर शेजारी होते आणि कोणाचाही हात आत जाणार नव्हता.

तो दुसऱ्याच ओळीवर अडला. ‘मेन स्विच बंद करा’ असं वाचून त्याने आजूबाजूला पाहिलं. एक स्विच प्रेसच्या पॅनेलवर होता आणि दुसरा भिंतीवरच्या बोर्डावर, ज्यावरून शेजारच्या दोन मशीनला वीज जाते. इलेक्ट्रिशियनच्या तोंडी दोन्ही ‘मेन’च. त्यावर उपाय म्हणून आम्ही मशीनवरच नंबर लावले. स्विचला १, हवेच्या व्हॉल्व्हला २, तेलाचा दाब सोडायच्या व्हॉल्व्हला ३. हाताच्या पंजाएवढ्या गोल पट्ट्या, कागदावर छापलेला नंबर आणि मशीनवरचा नंबर एकसारखा. जे मराठी सहज वाचत नाहीत त्यांच्यासाठी प्रत्येक नंबरासमोर त्याच प्रेसचा फोटो टाकला, आणि फोटो माणूस जिथे उभा राहतो तिथूनच काढला. कॅटलॉगमधली चित्रं वापरू नका. त्यातलं हँडल वेगळ्या बाजूला असतं आणि वाचणारा गोंधळतो.

पुढची अडचण जास्त गंभीर होती. हेल्परने पिवळा व्हॉल्व्ह बंद केला, पण गेजचा काटा जागचा हलला नाही. व्हॉल्व्हमुळे नवी हवा येणं थांबलं, पण पुढच्या पाइपातली आणि सिलिंडरमधली हवा आतच कोंडून राहिली. इजेक्टर एकदा उसळायला तेवढी हवा पुरते. आता कागदावर कितीही सोपी भाषा लिहिली तरी ही हवा बाहेर जाणार नव्हती. बंद केल्यावर पुढची हवा बाहेर सोडणारा आणि बंद स्थितीत कुलूप लागेल असा व्हॉल्व्ह बसवणं हाच उपाय होता. स्विचचंही तेच झालं: जुन्या दांड्याला कुलूप घालायला भोकच नव्हतं.

माझ्या मते हाच या सगळ्या कामाचा गाभा आहे. एखादी पायरी साध्या वाक्यात लिहिता येत नसेल, ‘काळजी घ्या’, ‘लक्ष ठेवा’, ‘खात्री करून घ्या’ असे शब्द घालावे लागत असतील, तर तिथे मशीनमध्येच काहीतरी कमी असतं. मसुद्यातल्या अशा सगळ्या जागा मी खुणा करून काढल्या आणि त्यांची वेगळी यादी मेंटेनन्सला दिली. तीत कुलूप लागणारा स्विच होता, हवा सोडणारा व्हॉल्व्ह होता, तेलाच्या लाइनवर डोळ्यांच्या उंचीला गेज होतं आणि रॅमखाली ठेवायचा ठोकळा होता.

मे महिना वाट बघण्यात गेला. खरेदीची मागणी आधी विभागात, मग स्टोअरमध्ये, मग हिशेब विभागात. तिथून शेरा आला की परिपत्रकाच्या कामात व्हॉल्व्ह कशाला लागतो. मी उत्तरात मार्चच्या घटनेचा अहवाल आणि मसुद्यातली ती एक ओळ जोडली, आणि लिहिलं की व्हॉल्व्ह बसल्याशिवाय ही ओळ खोटी ठरते. मागणी पुढे सरकली. कुलपांचा खर्च त्यामानाने काहीच नव्हता. खरा खर्च प्रेस बंद ठेवून व्हॉल्व्ह आणि स्विच बदलण्याच्या वेळेचा होता. तो आम्ही आधीच ठरलेल्या देखभालीच्या दिवसाला जोडून घेतला. तुमच्याकडे असा दिवस कधी आहे ते आधी विचारून ठेवा, नाहीतर सामान येऊन पडतं आणि मशीन मिळत नाही.

वाट बघण्याच्या काळात पायऱ्यांच्या क्रमावर खूप चर्चा झाली. मशीन बनवणाऱ्याच्या पुस्तकात दाब सोडण्याची पायरी होती, ठोकळ्याची पायरी वेगळ्या प्रकरणात होती. दोन्ही एकत्र कशा आणायच्या यावर फिटरांचं म्हणणं स्पष्ट होतं: “मॅडम, आधी तेल सोडलं तर रॅम खालीच येणार. ठोकळा आधी, तेल नंतर.” म्हणून क्रम असा ठरला: रॅम वर, मोटर बंद, विजेला कुलूप, हवेला कुलूप, मग ठोकळा, आणि मगच तेलाचा दाब हळूहळू सोडायचा, म्हणजे रॅम ठोकळ्यावर टेकून बसतो. ठोकळा रॅमचं आणि वरच्या डायचं वजन पेलण्यासाठी असतो, प्रेसचा पूर्ण जोर पेलण्यासाठी नाही. ठोकळा आत असताना कोणी स्ट्रोक मारला तर तो वाकेल किंवा सुटून बाहेर उडेल. म्हणून विजेचं कुलूप त्याच्या आधीच लागलं पाहिजे.

आणि मग लक्षात आलं की सुरू करण्याच्या पायऱ्याही तितक्याच नीट लिहाव्या लागणार. रॅम ठोकळ्यावर टेकलेला असल्यामुळे ठोकळा काढायला रॅम पुन्हा वर न्यावा लागतो, म्हणजे ठोकळा आत असताना मशीन थोडा वेळ चालू करावंच लागतं. तो वेळ सगळ्यात जास्त जपण्याचा. त्या वेळी सिलेक्टर, म्हणजे प्रेस कशी चालेल ते ठरवणारा स्विच, ‘सेटिंग’वर, त्याची किल्ली सुपरवायझरकडे, आणि रॅम फक्त वर. ठोकळा आतच विसरू नये म्हणून तो भडक पिवळा रंगवला आणि प्रेसच्या बाजूला त्याच्यासाठी एक स्टँड केला, ज्यावर ठोकळ्याच्या आकाराची काळी बाह्यरेषा आहे. स्टँड रिकामा दिसला की ठोकळा आत आहे. ही कल्पना ऑपरेटरची.

उत्पादन विभागाचा आक्षेप जूनच्या सुरुवातीला आला, आणि तो चुकीचा नव्हता. पाळीत पत्रा अनेकदा अडकतो, प्रत्येक वेळी एवढ्या सगळ्या पायऱ्या केल्या तर काम होणार कधी? आम्ही पूर्ण क्रम करून वेळ मोजला. सराव झाल्यावर बंद करायला सहा-सात मिनिटं लागत होती. मग पत्रा कसा अडकतो ते पाहिलं. बहुतेक वेळा तुकडा डायच्या कडेला, बाहेरून दिसेल असा असतो. तिथे हात न्यायची गरज नाही, लांब दांड्याचा हुक किंवा चुंबकाची कांडी पुरते. म्हणून परिपत्रकात एक साधी रेघ आखली: मोटर बंद करून हुकाने निघत असेल तर काढा, हात घालावा लागत असेल तर पूर्ण कुलूप. मधला तिसरा प्रकार नाही. शिवाय सारखा सारखा पत्रा अडकतोय तर पंच बोथट झाला असेल किंवा डायमधली फट वाढली असेल, त्यामुळे पाळीत तीनदा अडकला की टूल रूमला कळवायचं, ही ओळही आली. उत्पादनवाल्यांना ती सगळ्यात जास्त आवडली.

कुलपांबद्दलही थोडं सांगते, कारण प्रश्न सगळ्यात जास्त त्याच्यावरच येतात. प्रत्येक माणसाला स्वतःची दोन कुलपं, एकाच किल्लीची: एक विजेच्या स्विचला, एक हवेच्या व्हॉल्व्हला. किल्ली त्याच्याच खिशात. फिटर, हेल्पर आणि इलेक्ट्रिशियन एकाच वेळी आत काम करत असतील तर तिघांचीही कुलपं लागली पाहिजेत. त्यासाठी अनेक भोकांची कडी मिळते, तिला हॅस्प म्हणतात. शेवटचा माणूस स्वतःचं कुलूप काढत नाही तोवर स्विच हलत नाही. नुसता ‘काम चालू आहे’चा टॅग पुरत नाही, कारण तो कोणीही बाजूला करू शकतो. टॅग कशासाठी, तर कुलूप कोणाचं आणि का लावलंय हे कळावं म्हणून.

पाळी बदलताना काम अर्धवट असेल तर येणारा आधी स्वतःचं कुलूप लावतो आणि मगच जाणारा आपलं काढतो. दोघांच्या मध्ये एक क्षणही स्विच मोकळा राहता कामा नये. आणि कोणी कुलूप तसंच ठेवून घरी गेला तर? कटरने तोडायची घाई करायची नाही. सुपरवायझरने आधी तो माणूस कारखान्यात कुठेही नाही हे स्वतः बघायचं, त्याला फोन लावायचा, मशीनच्या आत कोणी नाही हे तपासायचं, विभागप्रमुखाची लेखी परवानगी घ्यायची, मगच कुलूप काढायचं. आणि तो माणूस कामावर परत आला की मशीनजवळ जाण्याआधी त्याला हे सांगायचं. नाहीतर तो आपलं कुलूप अजून तिथेच आहे या समजुतीने सरळ आत जाईल.

जूनच्या मध्यावर व्हॉल्व्ह, स्विच आणि गेज बसले. हेल्परने तोच क्रम पुन्हा करून दाखवला. या वेळी पिवळा व्हॉल्व्ह बंद करताच फुस्स करून हवा गेली आणि काटा शून्यावर आला. मग अंतिम मजकूर सुरक्षा समितीपुढे गेला. तिथे एका सदस्याने भाषा फार साधी आहे, अधिकृत वाटत नाही, असं म्हटलं. कामगार प्रतिनिधींनी तिथेच उभं राहून जुनं आणि नवं दोन्ही वाचून दाखवलं. पुढे कोणी बोललं नाही. परिपत्रक क्रमांक, आवृत्ती, तारीख आणि सह्या या गोष्टी आम्ही पानाच्या मागच्या बाजूला नेल्या. ऑडिटला त्या लागतात, पण मशीनजवळ उभ्या असलेल्या माणसाला पहिल्या ओळीत त्या नकोत.

शेवटी फलकावर आणि प्रेसवर जे लागलं ते असं:

प्रेस नंबर ४: आत हात घालण्याआधी

लाल इमर्जन्सी बटण दाबलं म्हणजे प्रेस बंद झाली असं नाही.

पत्रा हुकाने निघत असेल तर मोटर बंद करून हुकाने काढा. हात घालावा लागत असेल तर खालचं सगळं, याच क्रमाने करा. पॅनेल उघडू नका.

१. जवळच्या सगळ्यांना सांगा: प्रेस बंद करतोय.

२. रॅम पूर्ण वर न्या. मोटर बंद करा.

३. नंबर १ चा स्विच बंद करा. तुमचं कुलूप आणि टॅग लावा. किल्ली खिशात ठेवा.

४. नंबर २ चा व्हॉल्व्ह बंद करा. हवा सुटल्याचा आवाज येईल. कुलूप लावा. हवेचा काटा शून्यावर आला का पाहा.

५. ठोकळा दांड्याला धरून बाजूने ठेवा. हात रॅमखाली नेऊ नका.

६. नंबर ३ चा व्हॉल्व्ह हळूहळू उघडा. रॅम ठोकळ्यावर टेकेल. तेलाचा काटा शून्यावर येईपर्यंत थांबा. व्हॉल्व्ह उघडाच ठेवा.

७. प्रेस चालू करून बघा. मोटरचं बटण दाबा, मग दोन्ही हातांची बटणं दाबा. काही हललं तर थांबा, सुपरवायझरला बोलवा. काहीच हललं नाही तरच आत हात घाला.

८. आत जाणाऱ्या प्रत्येकाने स्वतःची कुलपं लावायची. दुसऱ्याच्या कुलपावर आत जायचं नाही.

परत चालू करताना

९. हत्यारं बाहेर काढा. माणसं मोजा. गार्ड लावा. नंबर ३ बंद करा.

१०. प्रत्येकाने आपापली कुलपं स्वतः काढा. सुपरवायझरला बोलवा.

११. सिलेक्टर ‘सेटिंग’वर ठेवून रॅम फक्त वर न्या. मोटर बंद करा. ठोकळा दांड्याने बाहेर काढून स्टँडवर ठेवा.

१२. स्टँडवर ठोकळा दिसला तरच काम सुरू करा.

काटा शून्यावर येत नसेल, कुलूप बसत नसेल, नंबरची पट्टी पडली असेल तर काम थांबवा आणि कळवा. यासाठी कोणालाही बोल लावला जाणार नाही.

सातव्या ओळीबद्दल विचारणा झाली: कुलूप लावलंय, तर चालू करून कशाला बघायचं? कारण चुकीच्या मशीनचा स्विच बंद झालेला असू शकतो, स्विचच्या आतला एखादा संपर्क चिकटून राहिलेला असू शकतो. पॅनेलवरचा दिवा विझला हा पुरावा नाही, दिवाच गेलेला असू शकतो. पॅनेल उघडून विजेच्या कामाला मात्र ही चाचणीही पुरत नाही. तिथे फक्त इलेक्ट्रिशियन, आणि त्याने मीटर आधी चालू लाइनवर तपासायचा, मग इथे, मग पुन्हा चालू लाइनवर, म्हणजे मीटर मध्येच बिघडलेला नाही हे कळतं. ती वेगळ्या पानाची गोष्ट म्हणून या परिपत्रकात ‘पॅनेल उघडू नका’ एवढंच ठेवलं.

शेवटची ओळ मंजूर व्हायला सगळ्यात जास्त वेळ लागला. व्यवस्थापनाला भीती होती की कोणीही काहीही कारण काढून काम थांबवेल. माझं म्हणणं होतं की ही ओळ नसेल तर काटा शून्यावर आला नाही तरी लोक आला असंच धरतील. ती राहिली, आणि तिच्याखाली सही कारखाना व्यवस्थापकांची आहे.

प्रशिक्षण सभागृहात न घेता प्रेसजवळच, पाच-सहा जणांच्या गटात घेतलं. हजेरीच्या वहीत सही लागतेच, पण सहीवरून माणूस तिथे होता एवढंच सिद्ध होतं. म्हणून वहीत एक रकाना वाढवला: ‘स्वतः करून दाखवलं’, त्यापुढे दाखवणाऱ्याची आणि बघणाऱ्याची सही. कंत्राटी कामगारांची यादी रोज बदलते, त्यांच्यासाठी गेटवरच्या पासासोबत हा रकाना जोडला. करून दाखवलं नसेल तर प्रेस शॉपचा पास मिळत नाही. हे लावून घ्यायला कंत्राटदारांशी बरीच पत्रं झाली. सुरुवातीलाच त्यांना बैठकीला बोलावलं तर हा वेळ वाचतो.

जुलैत मी वेळ न सांगता प्रेसजवळ जात राहिले. कुलपं लागलेली दिसत होती. पण एका रात्री हवेच्या व्हॉल्व्हवरच्या कुलपात किल्ली तशीच लटकत होती. फिटर म्हणाला की काम करताना खिशातली किल्ली टोचते. त्याचं खरं होतं, आमच्या गणवेशाचे खिसे उथळ आहेत आणि वाकलं की किल्ली पडते. किल्लीला कमरेच्या पट्ट्यात अडकेल अशी साखळी दिली आणि परिपत्रकाच्या दुसऱ्या आवृत्तीत तिसऱ्या ओळीतलं ‘खिशात’ काढून ‘पट्ट्याला लावा’ असं केलं. जुनी पानं स्वतः गोळा करून फाडली, कारण एकाच शॉपमध्ये दोन आवृत्त्या लटकत राहिल्या तर कुठली खरी हे कोणी विचारत नाही.

आता मेकॅनिकल प्रेसचं पान सुरू आहे. तिथे तेलाचा काटा नाही, फिरणारं फ्लायव्हील आहे आणि ते गार्डच्या आत झाकलेलं असल्यामुळे थांबलं की नाही ते बाहेरून दिसतच नाही. सहावी ओळ अजून लिहिता आलेली नाही. गार्डला बघण्यापुरती जाळी बसवण्याची मागणी कालच मेंटेनन्सकडे पाठवली.